वीस मिनिटांची भेट

भोसरीच्या एमआयडीसीत माझ्या बहिणीच्या मुलाचं प्रेस शॉप आहे. २०२५च्या नोव्हेंबरात एका रात्री त्याचा फोन आला. "मावशी, एक मेल लिहिलीय. पाठवण्याआधी तू बघशील का? तुझ्या साहेबांसारख्याच एका साहेबांना जायची आहे."

मी एकवीस वर्षं स्वीय सहायक म्हणून नोकरी केली. चार साहेबांकडे होते, त्यांतले शेवटचे संचालक मंडळावर होते. एवढ्या वर्षांत भेट मागणारी हजारो पत्रं आणि मेल माझ्यासमोर आल्या. साहेबांनी वाचण्याआधी त्या मी वाचत असे आणि पुष्कळदा साहेबांपर्यंत त्या जातच नसत. मेलवर नाव साहेबांचं असतं, पण ती आधी वाचणारी व्यक्ती दुसरीच असते, हे लिहिणाऱ्याला बहुधा माहीत नसतं. माहीत असलं तरी लिहिताना तो ते विसरतो.

भाच्याची मेल अशी होती. विषयाच्या जागी 'भेटीबाबत'. खाली लिहिलं होतं: "आदरणीय सर, आमची कंपनी गेली अकरा वर्षं आपल्या कारखान्याला पुरवठा करत आहे. काही महत्त्वाच्या विषयांवर आपल्याशी चर्चा करायची आहे. आपल्या सोयीनुसार या आठवड्यात पाच मिनिटं वेळ मिळाल्यास आभारी राहीन."

भाषा नम्र होती, चूक एकही नव्हती. तरी माझ्या टेबलावर ही मेल आली असती, तर मी ती 'नंतर' नावाच्या फोल्डरमध्ये टाकली असती. सहायकाला मेल वाचून तिथल्या तिथे चार गोष्टींपैकी एक ठरवायची असते: भेट द्यायची, दुसऱ्या कुणाकडे पाठवायचं, थोडं थांबवायचं की नाही म्हणायचं. या मेलवरून यातलं काहीच ठरवता येत नव्हतं. 'महत्त्वाचे विषय' म्हणजे दर वाढवून हवेत, पैसे अडकलेत की मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायची आहे? पाच मिनिटं म्हणजे खरोखर पाच का? आणि 'आपल्या सोयीनुसार' म्हटलं की साहेबांची सोय मी शोधायची, ती याला कळवायची, ती त्याला जमली नाही की पुन्हा शोधायची.

मोठ्या माणसाचा वेळ कसा जातो, याची बाहेरच्याला कल्पना येणं अवघड आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल पोर्टर आणि नितीन नोहरिया यांनी २७ कंपनीप्रमुखांच्या वेळेची तीन-तीन महिने नोंद करवून घेतली आणि २०१८ साली ती प्रसिद्ध केली. या मंडळींच्या आठवड्याला सरासरी ३७ बैठका होत्या आणि कामाच्या वेळातला ७२ टक्के वेळ बैठकांतच जात होता. मला या अभ्यासातली एक गोष्ट फार जवळची वाटते. दर पंधरा मिनिटांची ती नोंद या प्रमुखांच्या सहायकांनी ठेवली होती. आमच्या कामात दिवस तासांनी मोजला जात नाही. दोन बैठकांच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटांची फट कुठे आहे, तिकडे आमचं लक्ष असतं.

म्हणून मी भाच्याला पहिला प्रश्न विचारला, "साहेबांनी तुला भेटून नेमकं काय करायला हवंय?"

तो म्हणाला, "डायचं बोलायचंय."

"बोलून झाल्यावर त्यांनी काय करायचं?"

तो जरा थांबला. मग सगळं बाहेर आलं. त्या कारखान्यासाठी तो पत्र्याचा एक ब्रॅकेट काढतो. त्याची डाय कारखान्याच्या मालकीची आहे, याच्याकडे ती फक्त वापरायला आहे. डायचं आयुष्य दहा लाख स्ट्रोकचं धरलेलं होतं आणि त्यातले नऊ लाख वीस हजार संपले होते. धार बोथट झाली की पत्र्याच्या कडेला बर येते, मग डाय ग्राइंडिंगला जाते. दर ग्राइंडिंगला तिचं पोलाद थोडं थोडं कमी होतं आणि एक दिवस घासायला काही उरत नाही. महिन्याला पंचवीस हजार ब्रॅकेट लागतात. म्हणजे उरलेले ऐंशी हजार स्ट्रोक तीन महिने आणि थोडे दिवस पुरणार, साधारण वीस फेब्रुवारीपर्यंत. नवी डाय बनायला दहा आठवडे, नमुने तपासून मंजूर व्हायला आणखी दोन. वीस फेब्रुवारीपासून बारा आठवडे मागे मोजले की अठ्ठावीस नोव्हेंबर येतो. त्या दिवसापर्यंत ऑर्डर निघाली नाही, तर असेंब्लीला ब्रॅकेट कमी पडणार.

नव्या डायला चौदा लाख रुपये. दुसरा रस्ता म्हणजे जुनीच डाय साडेतीन लाखांत दुरुस्त करून घ्यायची. त्यावर आणखी दोन लाख स्ट्रोक निघतील, म्हणजे आठ महिने. पण दुरुस्तीत डाय तीन आठवडे बंद राहणार, तेव्हा आधी साठा करून ठेवावा लागेल. कारखान्याच्या खरेदी व्यवस्थापकांना दहा लाखांपर्यंतच मंजुरीचा अधिकार होता. त्यावरचा निर्णय उपाध्यक्षांचा. म्हणून ही भेट.

एवढं सगळं त्याच्या डोक्यात अगदी चोख होतं आणि मेलमध्ये त्यातला एक शब्दही नव्हता. माणसं असं का करतात, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. एक भीती अशी असते की सगळं आधीच सांगितलं तर 'मेलवरच कळवतो' म्हणून भेट नाकारतील. तसं होतं कधीकधी. पण मेलवर काम भागणार असेल तर ते भागू द्यावं, दोघांचाही वेळ वाचतो. आणि प्रत्यक्ष भेटीशिवाय ठरणारच नाही असा प्रश्न असेल, तर तो स्पष्ट लिहिल्याने भेट जवळ येते. दोन पर्याय आहेत, खर्चात चौपटीचा फरक आहे, त्यातला एक निवडायचा आहे आणि त्याला तारखेची मर्यादा आहे, हे वाचल्यावर कोणताही अनुभवी सहायक मेल बाजूला ठेवणार नाही. कारण अठ्ठावीस नोव्हेंबर उलटला, तर 'तुझ्याकडे मेल आली होती ना?' हा प्रश्न त्यालाही विचारला जाईल.

हेतू लिहिताना मी एकच कसोटी लावते. वाक्याचं क्रियापद बघायचं. 'चर्चा करणे', 'परिचय वाढवणे', 'मार्गदर्शन घेणे' यांतून भेटीअखेर काय व्हायला हवं ते कळत नाही. 'दोनपैकी एक पर्याय निवडणे', 'मंजुरी देणे', 'अमुक कामाला माणूस नेमून देणे' यांतून कळतं. केवळ ओळख करून घ्यायची असेल, तर तसंही सरळ लिहावं, त्यात कमीपणा नाही. पण ओळखीचं कारण सांगून खोलीत शिरायचं आणि मग दरवाढीचा कागद पुढे करायचा, हे केलेल्या माणसाला माझ्या साहेबांनी पुन्हा कधी वेळ दिली नाही.

मग वेळेचा प्रश्न. "पाच मिनिटं का लिहिलीस?" मी विचारलं. "जास्त मागितलं तर देणार नाहीत ना, मावशी."

पाच मिनिटं कुणालाच पुरत नाहीत, हे सहायकाला पक्कं ठाऊक असतं. पाच मागणाऱ्याला आम्ही मनाशी अर्धा तास धरतो आणि अर्ध्या तासाची जागा शोधायला लागतो. ती लवकर मिळत नाही. म्हणजे कमी मागून त्याचा फायदा होत नाही, उलट भेट लांबते. एक तास मागणाऱ्याचं वेगळं. तासासाठी दुसरी एखादी बैठक हलवावी लागते आणि ती हलवायची की नाही, हे मला साहेबांना विचारावं लागतं. वीस-पंचवीस मिनिटांचा निर्णय मात्र बऱ्याच कचेऱ्यांत सहायकच घेऊन टाकतो.

वेळ अंदाजाने मागायची नसते, मोजायची असते. मी भाच्याला फोनवरच बोलायला लावलं. डायची आजची स्थिती सांगायला त्याला चार मिनिटं लागली. दोन्ही पर्याय, खर्च आणि तारखा यांना पाच. साहेबांचे प्रश्न आणि निर्णय यांसाठी दहा मिनिटं ठेवली, कारण बोलणाऱ्याच्या वाटणीइतका तरी वेळ ऐकणाऱ्याला हवा. एकूण एकोणीस. वीस मिनिटं मागायची आणि विसाव्या मिनिटाला उठायची तयारी ठेवायची. दिलेल्या वेळेत उठणारी माणसं आमच्या लक्षात राहतात. पुढच्या वेळी त्यांची मेल आली की जागा शोधताना हात आखडत नाही.

आता राहिल्या वेळा. इथे भाचा अडला. "मी त्यांना वेळ सांगायची? एवढ्या मोठ्या माणसाला? ते उद्धट नाही वाटणार?"

हा संकोच आपल्याकडे फार खोलवर आहे आणि तो मला समजतो. वडीलधाऱ्यांना 'तुम्ही म्हणाल तेव्हा येतो' म्हणायची आपली रीत आहे. घरात ती शोभते. पण कचेरीत 'तुम्ही म्हणाल तेव्हा' याचा अर्थ काम समोरच्याच्या गळ्यात घालणं असा होतो. तीन वेळा सुचवल्या की सहायकाला फक्त कॅलेंडर उघडून तीन चौकटी बघायच्या असतात. एखादी मोकळी दिसली की उत्तर गेलं. नम्रपणा ठेवायचा तो वाक्यात ठेवावा: 'यांपैकी एखादी वेळ सोयीची असल्यास कळवावे, नसल्यास आपण सांगाल त्या वेळी येईन.' एवढ्याने मानही राहतो आणि कामही सोपं होतं.

तीनच का? एक दिली तर ती हुकुमासारखी वाटते आणि जुळण्याची शक्यता कमी. सहा-सात दिल्या तर वाचणारा गोंधळतो. शिवाय सुचवलेली प्रत्येक वेळ उत्तर येईपर्यंत स्वतःच्या कॅलेंडरात राखून ठेवावी लागते, हे लोक विसरतात. आम्ही 'बुधवारी चालेल' म्हणून कळवावं आणि उलट उत्तर यावं, 'माफ करा, ती वेळ आता दुसऱ्यांना दिली', हे माझ्या बाबतीत कितीदा तरी घडलं आहे. तिथे त्या माणसाचा क्रमांक एकदम मागे जातो. तीन वेळा आठवडाभर राखणं झेपतं, सात झेपत नाहीत.

या तीन वेळा एकसारख्या नसाव्यात. तिन्ही सकाळी दहाच्या दिल्या आणि साहेबांची रोजची उत्पादन बैठक दहालाच असली, तर तिन्ही वाया. म्हणून दिवस वेगळे आणि प्रहरही वेगळे घ्यावेत. वार आणि तारीख दोन्ही लिहावं, सुरुवात आणि शेवट दोन्ही लिहावं. पाठवण्याआधी वार-तारखेचा मेळ कॅलेंडर उघडून तपासावा. 'मंगळवार, १९' असं लिहिलेलं असतं आणि १९ तारखेला बुधवार असतो. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक हीच. मग मंगळवार खरा की १९ तारीख, हे विचारायला एक मेल जाते आणि एक दिवसही जातो.

भाच्याने 'या आठवड्यात' लिहिलं होतं. तो आठवडा दहा ते चौदा नोव्हेंबरचा होता. ती कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. अशा कंपन्यांना, वर्षाची शेवटची तिमाही सोडली तर, तिमाही संपल्यापासून पंचेचाळीस दिवसांत निकाल जाहीर करावे लागतात, असा सेबीचा नियम आहे. सप्टेंबरअखेरच्या तिमाहीची मुदत चौदा नोव्हेंबरला संपते. त्या आधीचे दिवस वरच्या मजल्यावर आकड्यांचे, लेखापरीक्षकांचे आणि संचालक मंडळाचे असतात. तेव्हा आलेली भेटीची विनंती न वाचताच मागे पडते, त्यात विनंतीचा दोष नसतो. वर्षातून असे चार हंगाम येतात आणि ते ओळखायला कुणाच्या कॅलेंडरात डोकवावं लागत नाही.

म्हणून आम्ही पुढचा आठवडा घेतला. त्यातला गुरुवार मी वगळायला सांगितला. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्याचं शॉपही गुरुवारी बंद, म्हणून तो त्याला सगळ्यात मोकळा दिवस वाटत होता. पण त्या साहेबांचा कारखानाही गुरुवारीच बंद असायचा.

साहेब परदेशात बसत असतील, तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. पुण्यात जर्मन कंपन्यांचे कारखाने बरेच आहेत. जर्मनीत ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे उन्हाळ्यात साडेतीन तासांचा असलेला फरक हिवाळ्यात साडेचार होतो. वेळ दोन्हीकडची लिहावी आणि महिना अंकात न लिहिता अक्षरात लिहावा. ११/१२ म्हणजे आपल्याला अकरा डिसेंबर, अमेरिकेत बसलेल्या माणसाला बारा नोव्हेंबर.

पाठवण्याआधी आणखी एक काम होतं. "खरेदी व्यवस्थापकांना माहीत आहे का?" मी विचारलं. नव्हतं. रोज ज्यांच्याशी काम पडतं, त्यांना डावलून वरच्याला मेल गेली, तर उपाध्यक्ष पहिल्यांदा त्यांनाच विचारणार आणि तिथे ती मेल अडकणार. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना फोन केला, दोन्ही पर्याय सांगितले आणि मेलच्या प्रतीत त्यांचं नाव घालायची परवानगी मागितली. ते म्हणाले, "बरं झालं, मीही येतो भेटीला." हे वाक्य मेलमध्ये आलं आणि मेलचं वजन वाढलं.

मेल इंग्रजीत गेली. मराठीत ती अशी होती.

विषय: २० मिनिटे भेट, ब्रॅकेट डायचा निर्णय २८ नोव्हेंबरपूर्वी

"आदरणीय सर,

आपल्या कारखान्यासाठी आम्ही ज्या डायवर ब्रॅकेट काढतो, तिचे आयुष्य साधारण २० फेब्रुवारीला संपते. नवी डाय (१४ लाख रुपये, मंजुरीसह १२ आठवडे) करायची की जुनी दुरुस्त करायची (साडेतीन लाख, ८ महिने चालेल), हा आपला निर्णय २८ नोव्हेंबरपर्यंत मिळाल्यास पुरवठ्यात खंड पडणार नाही.

यासाठी आपली २० मिनिटे हवी आहेत. खरेदी व्यवस्थापकांशी बोलणे झाले आहे, तेही उपस्थित राहतील. आपल्या कार्यालयात येऊ शकेन अशा वेळा:

मंगळवार, १८ नोव्हेंबर, सकाळी ११.०० ते ११.२०
बुधवार, १९ नोव्हेंबर, दुपारी ४.३० ते ४.५०
शुक्रवार, २१ नोव्हेंबर, सकाळी १०.०० ते १०.२०

यांपैकी एखादी वेळ सोयीची असल्यास कळवावे, नसल्यास आपण सांगाल त्या वेळी येईन. या तिन्ही वेळा सोमवार, १७ नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंत राखून ठेवल्या आहेत. एक पानाचे टिपण भेटीच्या आदल्या दिवशी पाठवतो."

विषयाची ओळ मी दोनदा बदलायला लावली. मोबाईलवर तिचे सुरुवातीचे चार-पाच शब्दच दिसतात, म्हणून वेळ आणि काम पुढे घेतलं. कंपनीची अकरा वर्षं काढून टाकली, साहेबांना ती माहीत होती. मेलसोबत कॅलेंडरचं निमंत्रण पाठवायचं का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. आउटलुकवर असं निमंत्रण साहेबांनी होकार देण्याआधीच त्यांच्या दिवसात तात्पुरतं जाऊन बसतं आणि न विचारता आलेला पाहुणा कुणालाही खटकतो. वेळ ठरली की निमंत्रण त्यांच्या बाजूने येऊ द्यावं.

मेल बुधवारी, बारा तारखेला गेली. शुक्रवार उजाडला, उत्तर नाही. भाचा अस्वस्थ झाला, फोन करू का म्हणाला. मी त्याला सोमवार दुपारपर्यंत थांबायला सांगितलं, म्हणजे गुरुवार-रविवार वगळून तीन कामाचे दिवस. त्या दिवशीही काही आलं नाही, तर त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी लिहायच्या आणि मंगळवारची वेळ काढून तिच्या जागी नवी द्यायची, असं ठरलं होतं. आठवण करून देताना जुन्याच, उलटून गेलेल्या वेळा तशाच ठेवणारे कितीतरी लोक मी पाहिले आहेत.

ती वेळ आली नाही. सोमवारी सकाळी साडेनऊला उपाध्यक्षांच्या सहायकांचं उत्तर आलं. "बुधवार १९, ४.३०. येणाऱ्यांची नावं, गाडीचा नंबर आणि सोबत काय आणणार ते कळवा, गेट पास करते." त्याने दहा मिनिटांत उत्तर दिलं, मंगळवार आणि शुक्रवारच्या वेळा मोकळ्या केल्याचंही लिहिलं. सोबत काय, याच्यापुढे लिहिलं: बर आलेले दोन ब्रॅकेट आणि एक चांगला.

ते तीन ब्रॅकेट पासवर लिहिलेले होते, म्हणून सिक्युरिटीने गेटवर पिशवी उघडून बघितली आणि लगेच सोडली. उपाध्यक्षांनी बर आलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, "दुरुस्तीत तीन आठवडे बंद, मग साठा ठेवायचा कुठे?" सतराव्या मिनिटाला नवी डाय करायचं ठरलं. खरेदी व्यवस्थापकांनी ऑर्डर पंचवीस तारखेला काढली.